पातं कोंडावं, रंग कोंडू नये

सलूनमध्ये दिवसभरात जो कचरा निघतो, त्यात केस सगळ्यात जास्त दिसतात आणि त्रास मात्र सगळ्यात कमी देतात. झाडू मारला, पोत्यात भरले, विषय संपला. खरी पंचाईत दोन लहानशा वस्तूंची असते. एक म्हणजे आरशाखालच्या फळीवर पडलेलं अर्धं ब्लेड आणि दुसरी म्हणजे वाटीच्या तळाशी उरलेला, कालवलेला डाय. दिवसाअखेर दोन्ही मिळून ओंजळभरही होत नाहीत. पण बहुतेक दुकानांत या दोघांची व्यवस्था नेमकी उलटी लावलेली असते. ब्लेड केसांबरोबर सुपलीत जातं, म्हणजे मोकळं सुटतं. आणि महागाचा डाय वाया जायला नको म्हणून एखाद्या रिकाम्या बाटलीत ओतून त्याला घट्ट झाकण लावलं जातं. खरं तर ब्लेड पक्कं कोंडायला हवं आणि कालवलेला डाय कधीच कोंडायला नको.

आधी डायचं बघू, कारण तिथे चूक का होते हे समजायला थोडं रसायन लागतं.

केस पक्के रंगवणारा डाय दोन भागांत येतो. ट्यूबमधल्या क्रीममध्ये रंगाचा कच्चा माल असतो. काळ्या आणि गडद तपकिरी छटांमध्ये तो बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमीन, किंवा त्याचा एखादा भाऊबंद असतो. सोबत अमोनिया किंवा त्याचं काम करणारं दुसरं अल्क असतं. बाटलीतला डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. हे दोन्ही वेगवेगळे असेपर्यंत शांत असतात. डेव्हलपर मुद्दाम किंचित आम्लधर्मी ठेवलेला असतो, कारण आम्लात पेरॉक्साइड टिकतं. क्रीम त्यात मिसळलं की अल्क त्याला डिवचतं, पेरॉक्साइड ऑक्सिजन सोडू लागतं, आणि त्या ऑक्सिजनमुळे पीपीडीचे लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे, रंगीत रेणू तयार होतात. वाटीतलं फिकट क्रीम पाच-दहा मिनिटांत जांभळट आणि मग काळं पडताना दिसतं, ते यामुळे. ही क्रिया एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही. झाकण लावून नाही आणि फ्रिजमध्ये ठेवूनही नाही. फ्रिजमध्ये ती फार तर मंदावते.

डेव्हलपरच्या बाटलीवर 10, 20, 30, 40 असे आकडे आणि पुढे ‘व्हॉल्यूम’ असं लिहिलेलं असतं. बरेच कारागीर हा आकडा जोर किती आहे हे ओळखायला वापरतात, आणि ते बरोबरच आहे. 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइड, 40 म्हणजे 12 टक्के. पण तो आकडा मुळात वायूचा हिशेब आहे. 20 व्हॉल्यूमचा एक लिटर द्रव पूर्ण विघटित झाला, तर त्यातून साधारण 20 लिटर ऑक्सिजन निघतो. ज्याला हा हिशेब कळला, तो उरलेला डाय पुन्हा बाटलीत भरणार नाही.

उदाहरण घेऊ. आखूड केसांचा एक गिऱ्हाईक येतो. कारागीर सवयीनं अंदाजे तीस ग्रॅम क्रीम आणि तीस मिली डेव्हलपर कालवतो. डोक्याला चाळीस ग्रॅम लागतं आणि वाटीत वीस उरतं. त्यात निम्मा, म्हणजे दहा मिली, 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर आहे. दहा मिलीचे दोनशे मिली ऑक्सिजन होऊ शकतो. आता हे वीस ग्रॅम शंभर मिलीच्या बाटलीत भरलं, तर आत मोकळी जागा उरते ऐंशी मिली. ऐंशी मिलीच्या जागेत दोनशे मिली वायू मावायचा म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा अडीच पटींनी वाढायला हवा. प्रत्यक्षात इतका सगळा वायू निघत नाही, कारण बराच ऑक्सिजन रंग तयार करण्यातच खर्च होतो. पण जो निघतो, तो पातळ प्लास्टिकची बाटली फुगवायला, झाकण उडवायला आणि आतला काळा लगदा छतापर्यंत पोहोचवायला पुरतो. शिवाय क्रिया चालू असताना मिश्रण गरम होतं, आणि गरम झालं की क्रिया आणखी जोर धरते. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात, विदर्भातल्या मे महिन्यात, ही साखळी लवकर पकड घेते.

एवढं सगळं करून हाती काय लागतं? काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्या डायमध्ये रंगायची ताकद राहिलेली नसते. रेणू बाटलीतच मोठे होऊन बसतात आणि मग ते केसात शिरू शकत नाहीत. केसांवर वरवर बसलेला काळेपणा दोन-तीन धुण्यांत उतरतो आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतो. वाचवलेला डाय असा महागात पडतो.

आमच्या भागातल्या एका सलूनवाल्या दादांशी याबद्दल बोललो, तर ते म्हणाले, “आपण बाटलीत नाही भरत साहेब, वाटीवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवतो.” पिशवी पातळ, गाठ सैल, त्यामुळे वायू निघून जातो, म्हणून त्यांच्याकडे कधी काही उडालं नाही. पण ती वाटी होती बेसिनखाली, जिथे त्यांचा पोरगा खेळायला येऊन बसतो. त्यांनी वाटी काढून दाखवली. वरून काळी साय धरलेली, कडेनं क्रीम सुकून तडकलेलं, आणि साय बोटानं बाजूला केली तर आत अजून ओलं. सायीखालच्या त्या ओल्या भागात अर्धवट पिकलेला रंग आणि न वापरलं गेलेलं पीपीडी दोन्ही असतं. त्यांनी ते उघड्या बोटानं केलं, हातमोजा न घालता. पीपीडीची अॅलर्जी अशाच किरकोळ, रोजच्या स्पर्शातून हळूहळू जडते. एकदा जडली की जन्माची सोबत करते, आणि ज्याचा हाच धंदा आहे त्याच्यावर धंदा सोडायची पाळी येते.

मग उरलेल्याचं करायचं काय? पहिलं म्हणजे उरवायचंच नाही. चार गिऱ्हाइकं रोज डाय करणाऱ्या दुकानात प्रत्येकी वीस ग्रॅम उरले, तर दिवसाला ऐंशी ग्रॅम झाले आणि सव्वीस दिवसांच्या महिन्यात दोन किलो. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा वाटीखाली ठेवला आणि आखूड केसांना वीस ग्रॅम क्रीम नि वीस मिली डेव्हलपर असं सुरू करून कमी पडलं तरच पुन्हा थोडं कालवलं, तर या दोन किलोंतलं बहुतेक वाचतं. बोटभर ट्यूब पिळायची सवय मोडायला वेळ लागतो, एवढीच अडचण. पण ट्यूबचे पैसे दुकानदाराचेच असतात, त्यामुळे हा सल्ला मी दिलेल्या सगळ्या सल्ल्यांपैकी सर्वांत लवकर पटतो.

तरीही थोडं उरणारच. ते त्याच प्लास्टिकच्या वाटीत, उघडं, खिडकीजवळ आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी रात्रभर राहू द्यायचं. अधूनमधून ब्रशच्या दांड्यानं ढवळायचं, म्हणजे सायीखालचंही पिकतं. दुसऱ्या दिवशी त्याचा रंग सगळीकडे एकसारखा गडद झालेला असतो, बुडबुडे थांबलेले असतात आणि अमोनियाचा वास गेलेला असतो. क्रिया संपल्याच्या या तीन खुणा. मग हातमोजे घालून ते जुन्या वर्तमानपत्रावर किंवा लाकडाच्या भुशावर पसरायचं, वाळू द्यायचं आणि पुडी बांधून वेगळं ठेवायचं. आता ते कोंडलं तरी चालतं, कारण आत घडायचं ते घडून गेलेलं असतं. वाटी आधी कागदानं पुसून मग धुवायची, म्हणजे गटारात जाणारा भाग कमी होतो. डोक्यावरून धुतलेलं पाणी गटारातच जाणार, त्याला दुकानदार काही करू शकत नाही. वाटीतल्या घट्ट मालाचं मात्र तो करू शकतो.

यात एक अपवाद आहे आणि तो विसरून चालणार नाही. हायलाइट करण्यासाठी जी निळी किंवा पांढरी ब्लीच पावडर वापरतात, तिला हा भुशाचा उपाय लावायचा नाही. त्या पावडरीत परसल्फेट असतात. ती स्वतः जळत नाहीत, पण कागद, भुसा, कापूस अशा जळणाऱ्या वस्तूंना पेटायला मदत करतात. पेरॉक्साइडबरोबर कालवल्यावर ती इतकी तापतात की फॉइलची पुडी हाताला चटका देते. म्हणून उरलेलं ब्लीच वाटीत निवेपर्यंत राहू द्यायचं आणि मग भरपूर पाण्यानं पातळ करून बेसिनमध्ये सोडायचं. कोरडी पावडर सांडली, तर ओल्या फडक्यानं टिपून ते फडकं लगेच धुवायचं. नखांसाठी अॅसिटोनचा कापूस ज्या डब्यात टाकतात, त्या डब्यात ती झटकायची नाही. साठवतानाही पावडरीचा डबा कोरड्या जागी आणि अॅसिटोनपासून दूर. या पावडरीची धूळ नाकात गेल्यामुळे केशकर्तनकारांना दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला जुनं ठाऊक आहे. त्यामुळे डबा उघडताना तोंडाशी वाकू नये.

न कालवलेल्या मालाची साठवण तुलनेनं सोपी आहे. ट्यूबचं तोंड पुसून झाकण लावायचं, कारण हवा लागली की तिथेच रंग पिकायला लागतो. तोंडाशी तपकिरी गाठ दिसली तर ती ट्यूब थोडी आतपर्यंत बिघडलेली आहे, असं समजावं. डेव्हलपर मूळ बाटलीतच ठेवायचा, सावलीत. त्याच्या झाकणाला पुष्कळदा वायू निघायला बारीक वाट ठेवलेली असते, म्हणून दुसऱ्या बाटलीचं झाकण त्याला बसवू नये. आणि धातू त्याच्या जवळ येऊ द्यायचा नाही. लोखंड किंवा तांब्याचा अंश लागला की पेरॉक्साइड झपाट्यानं फुटायला लागतं. डाय कालवायला प्लास्टिकची वाटी आणि प्लास्टिकचाच ब्रश वापरायची जी पद्धत आहे, तिच्यामागे हेच कारण आहे.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे मोठ्या कॅनमधला पातळ डेव्हलपर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवणं. तो पाण्यासारखाच दिसतो. उन्हाळ्यात घाईनं आलेला गिऱ्हाईक किंवा दुकानातलाच पोऱ्या ती बाटली तोंडाला लावतो. 6 टक्क्यांचा द्राव घसा आणि पोट भाजवतो, 12 टक्क्यांचा त्याहून वाईट. पातळ काळे डाय पोटात गेले तर गोष्ट जिवावर बेतते. पीपीडीनं काही तासांत चेहरा आणि घसा सुजून श्वास अडतो, पुढे स्नायू झिजतात, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडं बंद पडतात. अशा वेळी उलटी काढायचा प्रयत्न करू नये. पाकीट किंवा बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावं, कारण आत काय गेलं हे डॉक्टरला त्यावरूनच कळतं.

आता ब्लेडकडे वळू. आपल्याकडे उस्तऱ्याला अर्धं ब्लेड लागतं. कारागीर कागदाच्या वेष्टनातच ब्लेड दुमडून कट्कन दोन तुकडे करतो, एक या गिऱ्हाइकाला, दुसरा पुढच्याला. प्रत्येकाला नवं पातं लावायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी रुजली आहे आणि गिऱ्हाईकही लक्ष ठेवून असतात. पण नवं पातं लावताना सगळे बघतात, जुनं कुठे गेलं ते कुणी बघत नाही.

रोज तीस दाढ्या होणाऱ्या दुकानात तीस अर्धी पाती निघतात. महिन्याला सुमारे पावणेआठशे, वर्षाला नऊ हजारांवर. एका अख्ख्या ब्लेडचं वजन जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम, त्यामुळे वर्षभराच्या सगळ्या पात्यांचं वजन फार तर साडेतीन किलोच्या आसपास भरतं. भंगारवाल्याला त्यात रस नाही आणि दुकानदाराला ती जागाही अडवत नाहीत, म्हणून ती केसांच्या ढिगात हरवतात. केसांत पातं सापडणं फार कठीण. काळ्या केसांत एक दशांश मिलिमीटर जाडीची पट्टी डोळ्यांनी दिसत नाही, ती हातालाच कळते.

तो हात कुणाचा? पुण्यात घरोघरचा आणि दुकानांचा कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्य गोळा करतात. त्यांच्यात स्त्रियांची संख्या मोठी आहे. ही संस्था 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिली. ओला-सुका वेगळा मिळाला, तरी सुक्यातून कागद, पुठ्ठा, बाटल्या वेगळ्या काढण्याचं काम हातानंच होतं. हातमोजे असतात, पण कापडी किंवा पातळ रबरी मोजा ब्लेडपुढे टिकत नाही. दुसऱ्या शहरांत आणि तालुक्याच्या गावी तर मोजेही नसतात.

पात्यावरच्या सुकलेल्या रक्ताची भीती किती धरायची, याचा नीट हिशेब हवा. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर लवकर मरतो. हिपॅटायटिस बी मात्र चिवट आहे. सुकलेल्या रक्ताच्या डागात तो किमान सात दिवस जिवंत आणि संसर्गक्षम राहतो, आणि डाग डोळ्याला दिसण्याइतका मोठा असायची गरज नसते. रुग्णालयात बाधित सुई टोचलेल्या आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के धरतात, एचआयव्हीची 0.3 टक्के. पोकळ सुईत रक्त साठून राहतं, पात्यावर नुसता थर असतो. त्यामुळे दाढीच्या पात्यातला धोका यापेक्षा पुष्कळ कमी असणार. पण तो शून्य नाही, आणि वेचणाऱ्या बाईला असा काप एकदाच लागत नाही.

म्हणून पातं वापरून झाल्याक्षणी, दुसऱ्या कुठल्याही वस्तूला न लागता, बंद डब्यात पडलं पाहिजे. डबा खुर्चीच्या हाताच्या अंतरावर हवा. तो चार पावलं लांब असेल, तर गर्दीच्या रविवारी पातं फळीवरच राहणार, मग नियम काहीही असोत.

डबा कसला, यात बरीच दुकानं फसतात. सहज हाती येते ती डेव्हलपरची रिकामी बाटली. ती जाड प्लास्टिकची असते, पातं तिला भेदत नाही, म्हणून कल्पना वाईट नाही. पण बाटली न धुता वापरली, तर तळाशी उरलेल्या पेरॉक्साइडमध्ये स्टीलची पाती पडतात. मघाशी सांगितलेलं धातूचं काम मग सुरू होतं आणि झाकण लावलेली बाटली फुगायला लागते. तीन वेळा खळबळून धुऊन, उलटी करून पूर्ण वाळवली तरच ती वापरता येते. तरीही तिचा दुसरा दोष उरतोच. जाड प्लास्टिकला भंगारात भाव असतो. वेचणारी बाई ती बाटली बाजूला काढणार आणि आत काय खुळखुळतंय हे बघायला झाकण उघडणार. ब्लेडचा डबा असा हवा की कुणाला तो उघडावासा वाटणार नाही. काचेची बाटली फुटते आणि पुठ्ठ्याचा खोका फाटतो, त्यामुळे ते दोन्ही बाद.

माझ्या मते सगळ्यात चांगला म्हणजे झाकणाचा लहान पत्र्याचा डबा, अर्धा-एक लिटरचा. त्याच्या झाकणाला छिन्नीनं अडीच सेंटिमीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर रुंद फट पाडायची. अर्धं पातं अलगद आत सरकतं आणि डबा उलटा केला तरी सहजी बाहेर येत नाही. मग झाकणाच्या कडेनं एम-सील लावून ते कायमचं बसवायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण झाकण उघडता येत असेल तर कुणीतरी डबा रिकामा करून पुन्हा वापरायचा विचार करतोच, आणि तेव्हा आतली पाती हातानं हाताळली जातात. बाहेरून ऑइलपेंटनं ‘ब्लेड – उघडू नका’ असं लिहायचं आणि शेजारी पात्याचं चित्र काढायचं. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांना चित्र कळतं. डबा तीन चतुर्थांश भरला की थांबायचं. वरपर्यंत भरला की नवं पातं आत ढकलावं लागतं आणि बोट तिथेच कापतं.

भरल्यावर पुढे दोन वाटा आहेत. फटीतून सिमेंटचा पातळ काला ओतून आतली पाती जखडून टाकायची, ही पहिली. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रुग्णालयांच्या धारदार कचऱ्यासाठी निर्जंतुक करून मग धातूच्या डब्यात किंवा सिमेंटमध्ये बंदिस्त करण्याची जी पद्धत दिली आहे, तिचीच ही घरगुती नक्कल. असा ठोकळा कुणाला कापत नाही आणि तो जमिनीत भरावात जाऊ शकतो. दुसरी वाट भंगाराची. पातं आणि डबा दोन्ही लोखंडी कुळातले, चुंबकाला चिकटणारे, त्यामुळे ते एकत्र भट्टीत जाऊ शकतात. पण त्यासाठी आत पाण्याचा थेंब असता कामा नये. जालन्यासारख्या ठिकाणी भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांत बंद डब्यातल्या ओलाव्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतात, म्हणून तिथले लोक बंद डब्यांना घाबरतात आणि ते बरोबरच आहे. ओळखीचा भंगारवाला असेल आणि त्याला आत काय आहे हे सांगता येत असेल, तरच ही वाट. नाहीतर सिमेंट बरं.

सिमेंटचा ठोकळा आणि वाळलेल्या डायची पुडी मग द्यायची कुणाला? इथे व्यवस्थेत एक फट आहे. जैववैद्यकीय नियम दवाखाने, रुग्णालयं, प्रयोगशाळा यांच्यासाठी आहेत, सलून त्यात बसत नाही. त्यामुळे रुग्णालयाचा पिवळ्या-लाल पिशव्यांचा कचरा नेणारी गाडी सलूनपाशी थांबत नाही. रांजणगाव, तळोजा किंवा बुटीबोरीला घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे मोठे प्रकल्प आहेत, पण ते कारखान्यांचा माल घेतात. महिन्याला चार पुड्या घेऊन गेलेल्या दुकानदाराला तिथे कुणी दारात उभं करणार नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा हा वेगळा प्रकार केला. त्यात रंगाचे डबे, जुनी औषधं, वापरलेल्या सुया अशा गोष्टी येतात आणि तो वेगळा गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. सलूनचा हा माल स्वभावानं त्याच्याच जवळचा आहे. म्हणून प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला ‘घातक कचरा कुठे आणि कोणत्या वारी घेता’ असं थेट विचारावं. काही ठिकाणी ठरलेलं केंद्र असतं, काही ठिकाणी वेगळी गाडी येते आणि काही ठिकाणी उत्तरच मिळत नाही. उत्तर मिळालं नाही, तर एकट्या दुकानापेक्षा दहा-बारा दुकानांनी मिळून विचारलेलं बरं, कारण मग गोळा होणारा माल गाडी पाठवण्याइतका असतो. तोवर पुडी नि ठोकळा कागदात गुंडाळून, त्यावर ठळक लाल खूण करून, रोजच्या कचऱ्यात न टाकता वेचणाऱ्या ताईंच्या हाती वेगळं द्यावं आणि आत काय आहे ते तोंडानं सांगावं. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका लावायची रीत अनेकांच्या ओळखीची आहे, त्यामुळे लाल खूण समजायला वेळ लागत नाही.

स्वच्छतेच्या उत्साहात एक चूक हमखास होते, ती इथेच सांगतो. रक्त पुसायला दुकानात ब्लीच लिक्विड, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ठेवणं चांगलं आहे. बाजारात ते 4-5 टक्क्यांचं मिळतं. एक भाग द्राव आणि चार भाग पाणी घेतलं की साधारण 1 टक्क्याचं होतं. ते रोज ताजं करायचं, कारण त्याचा जोर उतरतो. पण डायच्या वाट्या त्याच बादलीत बुडवायच्या नाहीत. डायमधला अमोनिया आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरामाइन वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घशात खवखव होते, छाती आवळते. बंद, एसी असलेल्या पार्लरमध्ये तो बाहेर जायला वाट नसते. संडास धुवायचं अॅसिड त्यात पडलं तर क्लोरीनच निघतो. असा वास आला तर आधी माणसं बाहेर काढायची आणि दार-खिडक्या उघडायच्या. बादली नंतर बघायची.

आणि एवढं करूनही बोट कापलंच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही, त्यावर हायपोक्लोराइटही ओतायचं नाही. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. हिपॅटायटिस बीच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन 24 तासांच्या आत दिलेलं जास्त उपयोगी पडतं, आणि एचआयव्ही टाळणारी औषधं सुरू करायची तर ती 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच, सुरू करावी लागतात. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही सांगायचं. हिपॅटायटिस बीची लस मोठ्या माणसालाही घेता येते. तिचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्यानं दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. कारागीर, केस झाडणारा पोऱ्या आणि कचरा नेणाऱ्या ताई, या तिघांनीही ती कापायच्या आधीच घेतलेली असावी.